व्हेंट्रोग्लुटिअलची जागा दर वेळी वेगळी का येते? (आयएम इंजेक्शन, स्किल लॅब)

निशिगंधा
नमस्कार. मी जीएनएम प्रथम वर्षाला आहे. पुढच्या गुरुवारी स्किल लॅबमध्ये आयएम म्हणजे स्नायूत द्यायच्या इंजेक्शनचं रिटर्न डेमो आहे आणि माझी अडचण अगदी पहिल्याच पायरीवर आहे. डेल्टॉइड आणि मांडी जमते. खुब्याच्या बाजूची व्हेंट्रोग्लुटिअल जागा मात्र मी तीनदा शोधली तर तिन्ही वेळा बोट वेगळ्या ठिकाणी येतं, कधी कधी चार बोटांचा फरक पडतो. डमीवर हाडं उठून दिसतात, म्हणून तिथे बरोबर येतं. मैत्रिणीवर हात ठेवला की हाडच सापडत नाही.

दुसरा गोंधळ असा की कॉलेजमध्ये मॅडम व्हेंट्रोग्लुटिअल शिकवतात आणि वॉर्डमध्ये सगळ्या सिस्टर कमरेत मागच्या बाजूला, म्हणजे डॉर्सोग्लुटिअलला देतात. पोस्टिंगला गेल्यावर मी कुठे द्यायचं? पुस्तकातली आकृती पाठ आहे, ती परत सांगू नका. हाताला कसं कळतं ते सांगा.

सुलभाताई
पोरी, मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली शेवटची ११ इनचार्ज म्हणून. सगळी इंजेक्शनं कमरेतच दिली आणि माझ्या हातून एकाचाही पाय गेला नाही. कुल्ल्याचे चार भाग करायचे आणि वरच्या बाहेरच्या भागात द्यायचं. हात बसला की डोळे मिटूनही जागा सापडते. नवीन जागा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण साठ पेशंटला दोन सिस्टर असताना हाडं चाचपत बसायला वेळ कुठे असतो?

मस्कतवाला_ब्रदर
ताईंबद्दल आदर आहे, पण ही पद्धत आता जगभर बंद झाली आहे. आमच्याकडे डॉर्सोग्लुटिअलला कोणी हात लावत नाही. आणि सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त बघणं हेही जुनं झालं, आता कुठल्याच इंजेक्शनला ते करायचं नसतं. निशिगंधा, तू सरळ व्हेंट्रोग्लुटिअल शिक आणि बाकीचं विसर.

कोल्हापुरी_अण्णा
चांगला विषय काढलात. माझ्या आईला रोज इन्सुलिन लागतं. पोटावर एकाच जागी टोचून टोचून गाठ झाली आहे, तर ती जागा बदलायची का? आणि सुई आडवी धरायची का उभी?

सांगलीची_ट्युटर
अण्णा, इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत जातं आणि हा धागा स्नायूत द्यायच्या इंजेक्शनचा आहे, त्यामुळे इथलं काहीही आईंना लावू नका. गाठ झालेल्या जागी मात्र टोचायचं थांबवा, कारण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दुसऱ्या जागी सुरू केल्यावर तोच डोस जास्त लागू पडून साखर उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच बदला. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन.

आता निशिगंधा. मी लॅबमध्ये मुलींना हेच शिकवते. तुझी जागा हलते याचा अर्थ दोन हाडांपैकी एक तरी तुला चुकीचं सापडतंय. म्हणून हात ठेवायच्या आधी हाडं शोध, आणि आधी स्वतःच्या अंगावर शोध.

पहिलं हाड ग्रेटर ट्रोकँटर. चटईवर कुशीवर झोपलं की खुब्याचं जे हाड जमिनीला टोचतं, तेच हे. मैत्रिणीला कुशीवर झोपव, तळहात त्या हाडावर ठेव आणि दुसऱ्या हाताने तिचा पाय गुडघ्यापासून आतबाहेर हलकेच फिरव. तळहाताखाली एक उंचवटा फिरताना लागेल. फिरला नाही तर ते ट्रोकँटर नाही. बऱ्याच मुली यापेक्षा वर, मांसल भागावर तळहात ठेवतात आणि तिथूनच सगळं चुकत जातं.

दुसरं हाड एएसआयएस. परकराची नाडी किंवा सलवारीचं नाडं जिथे बांधतो त्याच्या थोडं खाली, पुढच्या बाजूला जो टोकदार उंचवटा लागतो तो. इथे होणारी चूक म्हणजे तर्जनी इलिॲक क्रेस्टवर मध्येच कुठेतरी थांबते. क्रेस्ट ही कमरेच्या हाडाची लांब कड आहे, एएसआयएस हे तिचं पुढचं टोक. कडेवरून बोट पुढे पुढे सरकवत ने, जिथे कड संपून बोट खाली घसरतं तिथे थांब.

मग हात. पेशंटचा उजवा खुबा असेल तर तुझा डावा हात, डावा खुबा असेल तर उजवा. तळहात ट्रोकँटरवर, बोटं पेशंटच्या डोक्याकडे, तर्जनी एएसआयएसवर, मधलं बोट क्रेस्टच्या कडेकडे मागे ताणलेलं. त्या दोन बोटांमधल्या व्हीच्या मधोमध जागा. हात बरोबर निवडला का हे अंगठ्यावरून कळतं. अंगठा पेशंटच्या जांघेकडे असला पाहिजे. तो पाठीकडे वळला असेल तर हात चुकला.

खट्याळ
आत्ता सोफ्यावर बसून स्वतःचा खुबा शोधतोय. बायको विचारतेय लचकलं का म्हणून.

निशिगंधा
ट्युटर मॅडम, खूप खूप आभार. मी खरंच क्रेस्टच्या मधोमध थांबत होते! पण दोन शंका. माझा हात लहान आहे. तळहात ट्रोकँटरवर ठेवला की तर्जनी एएसआयएसपर्यंत पोहोचतच नाही. आणि डाव्या खुब्याला उजव्या हाताने जागा शोधली की सिरिंज कुठल्या हातात धरायची? मी उजवखुरी आहे. हात बदलला की जागा हरवते.

सांगलीची_ट्युटर
हात लहान असेल तर तो ताणून पोहोचवायचा प्रयत्न करू नकोस, कारण मग तळहात ट्रोकँटरवरून नकळत वर सरकतो आणि व्हीसुद्धा त्याच्याबरोबर सरकतो. अशा मुलींना मी हाताच्या आकाराऐवजी हाडांचा त्रिकोण वापरायला सांगते. एक कोपरा ट्रोकँटर, दुसरा एएसआयएस, तिसरा क्रेस्टच्या कडेवर एएसआयएसच्या थोडं मागे लागणारा उंचवटा. तिन्हींना एकेक करून बोट लाव आणि त्रिकोणाच्या मधोमध जागा धर. मोठा हात आणि बारीक पेशंट किंवा लहान हात आणि धिप्पाड पेशंट, दोन्हीकडे हे चालतं. काही परीक्षकांना मात्र व्हीच दाखवलेला हवा असतो, तेव्हा आधी विचारून घे.

दुसरी शंका महत्त्वाची आहे. जागा सापडली की तिथे खूण कर आणि मग हात उचल. लॅबमध्ये पेन चालेल. पेशंटवर सुईचं झाकण उघड्या बाजूने हलकेच दाबलं की गोल वण उमटतो आणि तो मिनिटभर टिकतो. काही आकृत्यांमध्ये दोन बोटं तशीच ठेवून मध्ये सुई खुपसलेली दाखवतात. ते करू नका. पेशंट दचकला की सुई तुमच्या बोटात जाते. खूण झाल्यावर डावा हात कातडी ताणायला मोकळा आणि उजव्या हातात सिरिंज. मग खुबा कुठलाही असो, फरक पडत नाही.

पडताळा हवा असेल तर इंजेक्शनच्या आधी पेशंटला वरचा पाय किंचित उचलायला सांग. खुणेखाली स्नायू टणक होतो, तो ग्लुटिअस मिडिअस. मग पाय खाली, गुडघा वाकवून पुढे, अंग सैल. टणक स्नायूत सुई घालायची नाही.

वाटसरू
मी नर्सिंगचा नाही, पण वर सुलभाताईंनी पाय जाण्याबद्दल लिहिलं म्हणून लिहितो.

२०१६ साली ताप अंगात भरला होता म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. गर्दी होती. तिथल्या माणसाने टेबलावर हात टेकवून उभं राहायला सांगितलं, पँट मागून चार बोटं खाली ओढली आणि टोचलं. सुई आत गेली त्याच क्षणी मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलापर्यंत वीज गेल्यासारखं झालं. मी ओरडलो, पण तो म्हणाला, "झालं झालं," आणि औषध सोडून मोकळा झाला. संध्याकाळी पायातली चप्पल निसटायला लागली. पाऊल वर उचलेना, चालताना बोटं जमिनीला घासायची. तीन आठवड्यांनी नसांची तपासणी झाली, मग पावलाला आधाराचा पट्टा आणि फिजिओथेरपी. चालणं पूर्ववत व्हायला आठ महिने लागले. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या जागेत अजून बधिरपणा आहे.

मला इतकंच विचारायचंय, नेमकं काय चुकलं होतं? डॉक्टर म्हणाले की जागा चुकली, पण त्या माणसाने वरच्या बाहेरच्या बाजूलाच टोचलं होतं, मला आठवतंय.

फिजिओ_पुणे
वाटसरू, तुम्ही लिहिलेलं चित्र असे रुग्ण पाहिलेल्या कुणालाही ओळखू येईल. कुल्ल्यातून पायात जाणाऱ्या सायॅटिक नर्व्हचे दोन भाग असतात आणि बाहेरच्या बाजूचा पेरोनिअल भाग सुईच्या तडाख्यात जास्त सापडतो, म्हणून पाऊल उचलता येत नाही पण पोटरीने चवड्यावर उभं राहता येतं. सुईनेच इजा होते असंही नाही, नसेत किंवा नसेला लागून सोडलेलं औषधही नस जाळतं. म्हणून "वीज गेली" म्हटल्यावरही औषध सोडणं ही त्यातली सर्वात वाईट गोष्ट होती. तुमचं आठ महिन्यांत बरंच भरून आलं. सगळ्यांचं येत नाही.

सांगलीची_ट्युटर
वाटसरू, तुम्हाला नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण तुम्ही केलेलं वर्णन मी दर वर्षी लॅबमध्ये पहिल्या दिवशी करून दाखवते, कारण "वरचा बाहेरचा भाग" या शब्दांतच मोठी फसगत आहे.

वरचा बाहेरचा, पण कशाचा? पँट चार बोटं खाली ओढली की दिसतो तो फक्त कुल्ल्याचा फुगीर भाग. त्याचेच चार तुकडे केले तर त्यातला "वरचा बाहेरचा" तुकडा प्रत्यक्षात खूप खाली आणि मध्याच्या जवळ येतो, म्हणजे नसेच्या वाटेवर. डॉर्सोग्लुटिअलचे चार भाग कुल्ल्याचे करायचे नसतात. वर इलिॲक क्रेस्टपासून खाली मांडीच्या घडीपर्यंतचा पूर्ण भाग धरायचा असतो. तो धरला की बरोबर जागा पट्ट्याच्या इतकी जवळ येते की मुलींना खोटंच वाटतं. म्हणून मी चार भागांऐवजी रेघ शिकवते. कमरेखाली मणक्याच्या बाजूला खळी पडते तिथलं हाड आणि ट्रोकँटर यांना जोडणारी रेघ. नस त्या रेघेच्या खाली राहते, सुई रेघेच्या वर आणि बाहेर.

त्यात तुम्ही उभे होतात, म्हणजे वजन पायावर, स्नायू कडक, आणि दचकल्यावर अंग हलायला पूर्ण वाव. डॉर्सोग्लुटिअल द्यायचंच असेल तर पेशंट पालथा हवा, पायाची बोटं आत वळवलेली, आणि कपडा क्रेस्टपासून घडीपर्यंत खाली.

मुलींनो, पायात कळ गेली असं पेशंट म्हणाला तर औषध सोडायचं नाही. सुई लगेच बाहेर, डॉक्टरांना सांगायचं, पाऊल वरखाली करून बघायचं आणि वेळ आणि बाजूसह कागदावर लिहायचं.

सुलभाताई
वाटसरू, वाचून वाईट वाटलं. मी उभ्या पेशंटला कधीच दिलं नाही आणि पायाची बोटं आत वळवून घ्यायचे, ते ट्युटरबाई म्हणतात तेच. पण खरं सांगते, क्रेस्टपासून मोजायचं असं मला कोणी शिकवलं नव्हतं. माझी जागा आपोआप वर असायची, कारण आमच्या मेट्रन म्हणायच्या, "बसल्यावर जे गादीला टेकतं तिथे इंजेक्शन द्यायचं नाही." तेवढ्यावर निभावलं.

आता एक विचारते. आमच्या वॉर्डात बायका नऊवारीत नाहीतर साडीत. व्हेंट्रोग्लुटिअलला बाईला किती उघडं करावं लागतं?

सांगलीची_ट्युटर
ताई, उलट कमीच. कुशीवर झोपवून एका बाजूने परकर वीतभर खाली घेतला की झालं, मागचा भाग झाकलेलाच राहतो. पडदा नसलेल्या वॉर्डात बायकांना हे फार सोयीचं वाटतं. "बाजूला देते" एवढं सांगून टाकायचं, नाहीतर त्या सवयीने पालथ्या होतात.

सुलभाताई
हे मात्र पटलं. आमच्या वेळी कोणी एवढं सांगितलं असतं तर मी तेव्हाच शिकले असते.

उपकेंद्र_नंदुरबार
मी एएनएम आहे. मस्कतच्या दादांना सांगायचंय की डॉर्सोग्लुटिअल जगभर बंद झालेलं नाही. बाळंतीण किंवा गरोदर बाईला झटके आले तर आम्ही मॅग्नेशिअम सल्फेट देऊन मगच पुढे पाठवतो. ५० टक्क्यांचं, प्रत्येक बाजूच्या कुल्ल्यात खोल ५ ग्रॅम, म्हणजे २ मिलीच्या पाच ॲम्प्युल एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला. एका बाजूला १० मिली! पुस्तकात मात्र एका जागी ३ मिली, फार तर ५ लिहिलेलं असतं. शिकताना मलाही हा प्रश्न पडला होता आणि नीट उत्तर कोणी दिलं नाही. जीव वाचवायचा असतो म्हणून देतो, बाईला दुखतंही खूप.

बाळांच्या बाबतीत मात्र काहीच वाद नाही. पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीत, मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीच नाही. अजून न चालणाऱ्या बाळाचा तो स्नायूच भरलेला नसतो. आईने बाळाला मांडीवर घेऊन गुडघा धरायचा, एवढं नीट झालं की निम्मं काम झालं.

मस्कतवाला_ब्रदर
ताई, मान्य. आमच्या रुग्णालयाचा नियम मी सगळ्या जगाला लावला. पण पिस्टन मागे ओढण्याबद्दल मी ठाम आहे. लसीकरणात ते करत नाहीत, हे तुम्हीही मान्य कराल.

उपकेंद्र_नंदुरबार
लसीला नाही करत, बरोबर. दंडात आणि मांडीत त्या जागी मोठी रक्तवाहिनी नसते आणि सुई जितका वेळ आत राहील तितकं बाळ रडतं. ऑटो-डिसेबल सिरिंजचा पिस्टन तर उगाच मागे ओढून चालतच नाही. पण ते लसीचं झालं.

सांगलीची_ट्युटर
इथे दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात. लसीला ॲस्पिरेट करायचं नाही. पण डॉर्सोग्लुटिअलला जवळच ग्लुटिअल धमनी आहे, आणि बेंझाथिन पेनिसिलिनसारखं औषध शिरेत गेलं तर जीवावर बेततं. तिथे पिस्टन मागे ओढून ५ ते १० सेकंद थांबायचं. चटकन ओढून सोडलं तर बारीक सुईतून रक्त वर यायला वेळच मिळत नाही, ते नुसतं दाखवण्यापुरतं होतं. रक्त दिसलं तर सुई काढायची, ते औषध टाकून द्यायचं आणि नव्या सिरिंजमध्ये नवा डोस भरायचा.

व्हेंट्रोग्लुटिअलला करायचं की नाही यावर आमच्या कॉलेजमध्येच दोन मतं आहेत. तिथे मोठी रक्तवाहिनी नाही म्हणून काहीजण सोडून देतात. आमच्या चेकलिस्टवर ती पायरी अजून आहे आणि लसीखेरीज बाकी औषधांना मी ती करून घेते.

खट्याळ
मला कोविडची लस दंडात फार वर दिली होती, खांद्याच्या हाडाला लागूनच. तीन महिने हात वर जात नव्हता, शर्ट घालताना जीव जायचा. त्याचं काही कारण असतं का, की माझंच नशीब?

फिजिओ_पुणे
कारण असतं. वर दिलं की लस स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीत जाते आणि तिथे सूज धरते. खांद्याचं टोकाचं हाड, ॲक्रोमिअन, त्याच्या खाली दोन ते तीन बोटं सोडून, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध द्यायचं. काखेच्या पातळीच्या खाली आणि मागे जायचं नाही, तिथे रेडिअल नर्व्ह आहे.

उपकेंद्र_नंदुरबार
आणि ते वर का जातं तर बाहीमुळे. पोलक्याची बाही घट्ट असते. ती वर सरकवली की दंडाचा दिसतो तेवढाच तुकडा उरतो, नाहीतर गळ्याकडून पोलकं ओढलं की फक्त खांदा उघडा पडतो आणि माणूस तिथेच टोचतो. मी आडोसा करून हात बाहीतून पूर्ण काढायला लावते. रांग कितीही असू दे.

निशिगंधा
किती शिकायला मिळतंय! पण आता सुईबद्दल विचारते. लॅबमध्ये आम्हाला २ मिलीच्या सिरिंजवर येते तीच जांभळ्या हबची सुई देतात. वॉर्डमध्येही सगळ्यांना तीच वापरतात. आणि एका पुस्तकात कातडी ताणून धरा लिहिलंय, दुसऱ्यात चिमटीत धरा. कुठलं खरं?

सांगलीची_ट्युटर
दोन्ही खरं, पेशंट वेगळे. नेहमीच्या माणसाची आणि जाड माणसाची कातडी ताणायची, म्हणजे चरबीचा थर पातळ होतो. अगदी हाडकुळ्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा लहान मुलाचा स्नायू हलकेच मुठीत धरायचा, म्हणजे सुई हाडाला लागत नाही.

जांभळा हब म्हणजे २४ गेज आणि तिची लांबी साधारण एक इंच. दंडाला ती पुरते. खुब्याला भरलेल्या अंगाच्या बाईला पुरत नाही. औषध चरबीत राहतं, लागू पडायला वेळ लागतो आणि गाठ येते. पेशंट म्हणतो, "इंजेक्शन घेऊनही गुण नाही," आणि आपण डॉक्टरांना दुसऱ्या इंजेक्शनसाठी विचारतो. चूक मात्र सुईची असते.

मी गेल्या वर्षी मुलींकडून कॅज्युअल्टीतली एक केस करून घेतली होती ती सांगते. ४२ वर्षांच्या बाई, वजन साधारण ८० किलो, मूतखड्याची कळ. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम आयएम लिहिलं. आधी विचारलं, या औषधाची कधी ॲलर्जी, दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास? नाही. ॲम्प्युल ३ मिलीची, म्हणून दंड आपोआप बाद, तिथे १ मिलीच्या पुढे मी जाऊ देत नाही. ५ मिलीची सिरिंज घेतली. एका सुईने औषध ओढलं, ती काढून २२ गेजची, काळ्या हबची दीड इंची नवी सुई लावली. जुन्या सुईच्या टोकाला औषध लागलेलं असतं आणि डायक्लोफेनॅक वाटेतल्या कातडीला भाजतं.

कळ येणारा पेशंट तसाही कुशीवर मुटकुळं करून पडतो. बाई डाव्या कुशीवर होत्या, तेव्हा उजवा खुबा वर. मुलीने डाव्या हाताने हाडं शोधली, झाकणाने खूण केली, हात उचलला. स्पिरिटच्या बोळ्याने मधून बाहेर गोल पुसलं आणि सुकू दिलं. ओल्या स्पिरिटवर सुई गेली की पेशंटला जी आग होते ती इंजेक्शनची नसते, स्पिरिटची असते. मग डाव्या हाताच्या कडेने कातडी इंचभर बाजूला ओढून धरली. सुई ९० अंशात, एका झटक्यात आत, हबच्या खाली थोडी सुई दिसत ठेवून. ॲस्पिरेशन, रक्त नाही. मग एका मिलीला दहा सेकंद, म्हणजे ३ मिलीला अर्धा मिनिट. मुलींना हा अर्धा मिनिट तासाभराचा वाटतो, म्हणून मी मनात आकडे मोजायला लावते. औषध संपल्यावर सुई आतच ठेवून दहा सेकंद, मग सुई सरळ बाहेर आणि त्यानंतर कातडी सोडायची. कातडी जागेवर येते, सुईची वाट तिरकी होऊन बंद होते आणि औषध मागे झिरपत नाही. यालाच झेड ट्रॅक म्हणतात. वर कोरडा कापूस नुसता दाबायचा, चोळायचं नाही.

सुलभाताई
चोळायचं नाही हे पेशंटला पटवणं कठीण! नातेवाईक म्हणतात, सिस्टरने नीट चोळलं नाही म्हणून गाठ आली.

मस्कतवाला_ब्रदर
डायक्लोफेनॅकबद्दल एक भर घालतो. टोचल्याबरोबर असह्य दुखलं आणि जागेभोवती कातडी आधी पांढरी, मग जाळीसारखी निळी-जांभळी दिसायला लागली तर "इंजेक्शन आहे, दुखणारच" म्हणून सोडू नका. आम्ही एक असा पेशंट पाहिला, दुसरीकडून टोचून आला होता. तिथली कातडी नंतर काळी पडली आणि काढावी लागली. रक्तवाहिनीत किंवा तिच्याभोवती औषध गेल्याने असं होतं. तेव्हा ॲस्पिरेशनबद्दल मी वर जे "कुठल्याच इंजेक्शनला नाही" म्हटलं ते मागे घेतो. आमचा नियम अजून तोच आहे, पण डायक्लोफेनॅकला मी स्वतः थांबून बघतो.

वाटसरू
ट्युटर मॅडम, उत्तराबद्दल आभार. क्रेस्टपासून मोजायचं हे वाचून मी आरशासमोर उभा राहून पाहिलं. मला टोचलेली खूण अजून पुसट दिसते. ती तुमच्या रेघेच्या बरीच खाली आहे.

निशिगंधा
काल डेमो झालं. आधी हॉस्टेलमध्ये आम्ही चौघींनी एकमेकींवर हाडं शोधली. पाय फिरवून ट्रोकँटर बघायची युक्ती सगळ्यात कामी आली, आमच्यातल्या एकीचा तळहात दोन इंच वर पडत होता. परीक्षक मॅडमनी व्हीच दाखवायला सांगितला, पण हात पोहोचत नाही म्हटल्यावर त्रिकोण चालवून घेतला. दोन गुण मात्र गेले. सुई काढल्यावर मी सवयीने झाकण परत लावायला गेले. त्यांनी तिथेच थांबवलं आणि हब कटर पुढे केला.

सोमवारपासून सर्जिकल वॉर्डला पोस्टिंग आहे. तिथल्या इनचार्ज सिस्टर मला मागच्या बाजूलाच द्यायला सांगतील. विद्यार्थिनीने त्यांना नाही कसं म्हणायचं?

सुलभाताई
नाही म्हणायचंच नाही. "सिस्टर, आम्हाला कॉलेजमध्ये बाजूला द्यायला शिकवलंय, तुमच्यासमोर देऊ का? जागा बरोबर आहे का बघा," असं विचार. मी इनचार्ज असते तर बघायला नक्की आले असते.

सांगलीची_ट्युटर
आणि तरी त्या मागेच द्या म्हणाल्या तर पेशंटला पालथं कर, कपडा पूर्ण खाली घे आणि रेघ काढ. दीड इंची सुई स्टोअरमधून आधीच मागून ठेव, ट्रेमध्ये बहुतेक नसते. नोंद करताना "आयएम दिलं" एवढंच लिहू नकोस. उजवा की डावा, व्हेंट्रो की डॉर्सो, किती वाजता, हे सगळं लिही. पुढच्या पाळीतल्या सिस्टरला दुसरी बाजू घेता येते.

निशिगंधा
हो मॅडम. दीड इंची सुईचं आजच विचारते.

कोल्हापुरी_अण्णा
इन्सुलिनचा धागा काढलाय. ट्युटर मॅडम, तिकडेही या.